पदर सोडायला सांगणारी गाणी: जुन्या प्रेमगीतातला नकार कसा वाचायचा

प्रश्न: जुनी हिंदी-मराठी प्रेमगीतं मला मनापासून आवडतात, पण हल्ली त्यातली 'पदर सोड' छापाची गाणी ऐकताना खटकतं. वडील म्हणतात, तेव्हाचा काळच तसा होता. मुलगी म्हणते, ही सरळसरळ छेडछाड आहे. टीका करायची, पण गाण्यावर अन्याय करायचा नाही, तर नेमकं काय बघायचं?

उत्तर:

गाण्यातला नकार शोधा आणि त्या नकाराला काय कारण दिलं आहे ते लिहून काढा. स्त्री-पुरुषांविषयीची गृहीतकं सगळ्यात उघड दिसतात ती तिथे. अनेक जण सुरुवात शब्दांपासून करतात. 'नाजूक', 'कमसिन', 'गोरी', 'दासी' अशी यादी काढली की गाणं दोषी ठरवायला सोपं जातं. पण असे शब्द त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक गाण्यात सापडतील, म्हणजे यादीने एका गाण्यातला आणि दुसऱ्यातला फरकच कळत नाही. नकाराच्या जागी मात्र दोन माणसांची इच्छा समोरासमोर येते. एकाला काही हवं असतं, दुसरं 'नाही' म्हणतं. ते 'नाही' कशाच्या आधारावर उभं आहे, समोरचा त्याला काय उत्तर देतो आणि शेवटी त्याचं काय होतं, एवढं नीट पाहिलं तरी बरंच हाती लागतं.

त्याआधी थोडी तयारी लागते. इंटरनेटवर मिळणाऱ्या गीताच्या मजकुरावर विसंबू नका. तिथे शब्द चुकलेले असतात हा एक भाग झाला, पण जास्त नुकसान होतं ते कोणती ओळ कोणाची हे नोंदवलेलं नसल्यामुळे. द्वंद्वगीत मग एकाच माणसाची कविता असल्यासारखं वाचलं जातं. गाणं ऐकत स्वतः उतरवून घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे 'ती', 'तो' किंवा 'दोघं' लिहा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, त्यामुळे चित्रपटातलं एखादं कडवं तबकडीवर नसू शकतं किंवा उलटही असू शकतं. म्हणून चित्रपटातलं दृश्यही पाहा, आणि गाण्याच्या आधीची नि नंतरची दोन-तीन मिनिटंही पाहा. मग कागदावर तीन रकाने करा: कोण बोलतं, काय मागतं किंवा नाकारतं, कारण काय देतं. एवढंच साहित्य पुरतं.

आता एक गाणं या रकान्यांतून काढून पाहू. १९५७ च्या 'पेइंग गेस्ट'मधलं 'छोड दो आँचल' घ्या. शब्द मजरूह सुलतानपुरींचे, संगीत सचिन देव बर्मन यांचं, आवाज आशा भोसले आणि किशोरकुमार यांचे, पडद्यावर नूतन आणि देव आनंद. पहिली ओळ तिची आहे, आणि ती स्पष्ट आज्ञार्थात आहे: पदर सोड. तिसऱ्या रकान्यात कारण येतं: 'जमाना क्या कहेगा'. इथे थांबायला हवं. तिने 'मला नको आहे' असं म्हटलेलं नाही, 'मला आवडत नाही' असंही नाही. नकाराचं सगळं वजन तिसऱ्याच कोणावर तरी आहे, जो तिथे हजरही नाही. गृहीतक असं आहे की बाईच्या स्वतःच्या इच्छेला कारण म्हणून किंमत नाही, त्यासाठी बाहेरचा साक्षीदार लागतो.

याचा परिणाम त्याच्या उत्तरात लगेच दिसतो. तुला हवं आहे की नाही, हे तो विचारतच नाही, कारण तो प्रश्न तिने मांडलेलाच नाही. तो फक्त कारणाशी वाद घालतो: तुझ्या अदांवर जमानाच वेडा आहे, तो वेडा काय बोलणार? नकाराचं कारण लोक असले, की लोकांना निकालात काढलं तरी नकार उरत नाही. पुढची कडवी याच धाग्यावर विणलेली आहेत. 'क्या कहेगा' हा शब्दसमूह प्रत्येक वेळी परत येतो, पण बोलणारा बदलत जातो. आधी जमाना, मग दिवाना, मग सुंदर हवा, मग आपला-परका. लोक काय म्हणतील या धाकाला एकेका कडव्यात बारीक करत नेण्याची ही रचना फार कसबी आहे, आणि ती तशी आहे हे टीका करणाऱ्यानेही मोकळेपणाने म्हणावं.

तिसऱ्या कडव्यात पावसाचं वर्णन येतं आणि तिच्याच आवाजात, कोणी न विचारता, 'मेरी बैयाँ धर लो साजन' अशी ओळ येते. पदर सोड म्हणणारी आता स्वतः हात धरायला सांगते. तो म्हणतो, आपण एक जीव आहोत, मग 'जमाना क्या कहेगा'? जे शब्द सुरुवातीला धाक म्हणून आले होते, ते आता बेफिकिरी म्हणून येतात.

यातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. पहिला गाण्याच्या बाजूचा: या गाण्यातली स्त्री अनिच्छेने ओढली जात नाही, तिला इच्छा आहे आणि ती ती बोलूनही दाखवते. अडसर आहे तो समाजाचा, आणि दोघं मिळून तो झुगारतात. १९५७ साली नायिकेच्या तोंडी अशी उघड इच्छा येणं लहान गोष्ट नाही. दुसरा निष्कर्ष विरुद्ध बाजूचा: गाणं ऐकणाऱ्याला असा साचा देतं, की पहिल्या कडव्यातला नकार हा शेवटच्या कडव्यातल्या होकाराची नांदी असते. नकार खरा असूच शकतो, ही शक्यता रचनेतच नाही. तुमच्या वडिलांना पहिली बाजू ऐकू येते आणि मुलीला दुसरी. दोघांनाही गाण्यातलंच काहीतरी ऐकू येतं आहे, कोणी मनचं रचत नाही.

आणखी एक बाब लक्षात घ्या. गाणं कंठस्थ होतं तेव्हा बहुधा मुखडाच कंठस्थ होतो. अंताक्षरीत, वाद्यवृंदात, लग्नाच्या मांडवात 'छोड दो आँचल' गायलं जातं ते एक-दोन ओळींपुरतं. हात धर म्हणणारं तिसरं कडवं तिथवर पोचत नाही. म्हणून पूर्ण गाण्याचा अर्थ आणि मुखड्याचं सार्वजनिक आयुष्य या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. मुखड्यापुरतं पाहिलं तर उरतं ते एवढंच: बाई सोड म्हणते, पुरुष हसून उत्तर देतो. तुमच्या मुलीचा आक्षेप या उरलेल्या भागावर असेल तर तो बिनतोड आहे, पण मग तो कवीपेक्षा गाणं वापरणाऱ्या आपल्यावर जास्त लागू होतो.

पदर, ओढणी, मनगट, बांगडी ही नावं या गाण्यांत इतक्या वेळा का येतात हेही समजून घ्यायला हवं. त्या दशकांतल्या आपल्या चित्रपटांत चुंबन दाखवण्याची रीतच नव्हती. शारीरिक जवळीक दाखवायची तर वस्त्राचं टोक आणि हाताचं मनगट एवढीच जागा उरत होती, आणि ते सगळं ओझं पदरावर पडलं. त्यामुळे 'पदर धरला' हा प्रसंग गाण्यात नेहमीच अंगचटीला येणं या अर्थाने वाचू नये, पुष्कळदा तो 'जवळ आला' एवढ्याचीच खूण असतो. पण खूण म्हणून निवडली गेली ती कृती बळाची आहे, आणि धरणारा हात जवळपास नेहमीच पुरुषाचा आहे. दुसरी खूण निवडता आली असती का? आली असती, आणि तसं झालंही आहे.

त्यासाठी चार वर्षं पुढे जा. १९६१ च्या 'हम दोनों'मधलं 'अभी ना जाओ छोडकर'. शब्द साहिर लुधियानवींचे, संगीत जयदेव यांचं, आवाज मोहम्मद रफी आणि आशा भोसले यांचे, पडद्यावर पुन्हा देव आनंद, समोर साधना. प्रसंग जवळपास तोच आहे: ती निघाली आहे, तो थांबवतो आहे. मुखडा आणि दोन कडवी त्याची, मधलं एक कडवं तिचं. नुसतं मोजलं तर पारडं त्याच्याकडे झुकतं. पण तिचं कडवं तिसऱ्या रकान्यात लिहा आणि फरक पाहा. ती म्हणते, आता टोकू नकोस, वाट अडवू नकोस, कारण 'अगर मैं रुक गई अभी, तो जा न पाऊँगी कभी'. नकाराचं कारण तिची स्वतःची ओढ आहे. ती ओढ ती लपवत नाही, उलट तिच्यामुळेच निघायला हवं असा हिशेब मांडते. पुढे ती त्यालाही ओळखून आहे: तू तर नेहमी हेच म्हणणार, की मन भरलं नाही. आणि मग एक विचार येतो, की कुठे एका जागी संपेल असा हा सिलसिलाच नाही.

हे कारण त्याला खोडता येत नाही, कारण ते तिचं आहे. म्हणून त्याला डावपेच बदलावा लागतो. तिसऱ्या कडव्यात तो म्हणतो, रोज अशीच निघून जाशील तर पुढे निभावशील कशी? जाणं ही प्रेमाची परीक्षा करून टाकायची, हा दबाव आहे, आणि तो दबाव आहे असंच वाचायला हवं. गाण्यालाही त्याची जाणीव आहे, कारण लगेच तोच म्हणतो, वाईट वाटून घेऊ नकोस, हे प्रेम आहे, तक्रार नाही. ती मात्र शब्दांत कुठेही माघार घेत नाही, 'यही कहोगे तुम सदा' हेच पुन्हा ऐकवते. जयदेवांनी तिच्या कडव्याला वेगळी, लाडिक चाल न देता त्याच्याच कडव्याची चाल दिली आहे. त्यामुळे तिचं बोलणं उत्तर म्हणून ऐकू येतं, नखरा म्हणून नाही. शब्द वाचून ही गोष्ट कधीच कळली नसती.

या गाण्यातही समाज नाही असं नाही. तिच्या कडव्याची सुरुवात तारे लुकलुकू लागले, दिवे उजळले अशी होते. म्हणजे दिवेलागण झाली, आणि मुलीला घरी जायला हवं. 'पेइंग गेस्ट'मध्ये जे काम 'जमाना' करत होता, ते इथे दिवे करतात, पण गाणं त्यांच्यावर कारण म्हणून विसंबत नाही. बारकाईने वाचायचं म्हणजे हे दोन्ही टिपायचं: बंधन तिथे आहे, आणि बोलणारी व्यक्ती त्या बंधनाच्या आडोशाला उभी नाही.

'तेव्हाचा काळच तसा होता' या वाक्याला उत्तर द्यायचं तर ही जोडी पुरेशी आहे. तोच नायक, तीच पार्श्वगायिका, मध्ये जेमतेम चार वर्षं, आणि नकाराची बांधणी पूर्ण वेगळी. काळ एकच असतो, पण त्यात कवीला निवड असते. म्हणून एखाद्या गाण्याची पाठराखण करताना काळाचं कारण दिलं, तर त्याच दशकातलं त्याच प्रसंगाचं दुसरं गाणं शेजारी ठेवून ते तपासा. दुसरं गाणं सापडलंच नाही तर काळाचं कारण टिकतं. सापडलं तर ती निवड होती असं म्हणावं लागतं. कवीला दूषण न देताही हे म्हणता येतं.

आता आपल्या भाषेतलं गाणं, आणि पुन्हा वस्त्राला लागलेला हात. १९६४ च्या भालजी पेंढारकरांच्या 'मराठा तितुका मेळवावा'मधलं 'रेशमाच्या रेघांनी'. शब्द शांता शेळके यांचे, संगीत 'आनंदघन' म्हणजे लता मंगेशकर यांचं, आवाज आशा भोसले यांचा. लिहिणारी, चाल बांधणारी आणि गाणारी तिन्ही स्त्रिया, असा योग आपल्या चित्रपटसंगीतात क्वचितच आला. नकार आहे 'हात नगा लावू माझ्या साडीला'. आणि कारण? रेशमाच्या रेघांनी, लाल-काळ्या धाग्यांनी तो कशिदा तिने स्वतः काढला आहे. नक्षी तिने भरली आहे, राघू-मोर तिने गुंफले आहेत. हात लागला तर लोक काय म्हणतील यापेक्षा तिचं काम खराब होईल ही तिची चिंता आहे. साडीवर तिचा हक्क आहे तो मेहनतीचा.

लोक या गाण्यातही येतात, पण उलट्या बाजूने. पदराचं टोक ओढणाऱ्याने आल्यागेल्याची भीड ठेवली नाही, अशी ती तक्रार करते. म्हणजे लोकलाजेचा भार तिच्यावर नसून त्याच्यावर टाकलेला आहे. आणि तक्रारीतली पुढची ओळ आहे 'मागितली नाही माफी केल्याची'. प्रेमगीताच्या सुरात माफीची मागणी इतक्या सहज येते, की गुणगुणताना ती निसटून जाते. रकान्यात लिहून काढली की ती अडवते.

पण इथेच उत्साहात एक चूक होऊ शकते. स्त्रीने लिहिलं म्हणून गाणं गृहीतकांतून सुटलं, असं समजू नका. चालीचा घाट लावणीचा आहे, आणि लावणीत 'हात लावू नका' हे म्हणणंच आकर्षण वाढवण्याचा भाग असतं. आशाबाईंच्या आवाजातली लाडीगोडी, ठेका, शब्दांवरचे झोल हे सगळं नकाराला गोड करतं. मजकूर माफी मागायला लावतो आणि सूर खुणावतो. हा ताण सोडवायचा प्रयत्न करू नका, तो तसाच नोंदवा. या गाण्याचं खरं वैशिष्ट्य त्या ताणातच आहे, आणि कवयित्रीने ठरलेल्या साच्यात राहूनही कारण बदललं, हे तिचं श्रेय त्यामुळे कमी होत नाही.

साच्यांबद्दल इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण अन्याय होतो तो बहुतेक वेळा साचा न ओळखल्यामुळे. वाट अडवणारा पुरुष आणि लटका राग धरणारी स्त्री ही जोडी चित्रपटाने निर्माण केलेली नाही. ती गौळणीतून आलेली आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाटेत आडवे आलेले कृष्ण आणि पेंद्या, फुटलेली घागर, ओढलेला पदर. एकनाथांच्या गौळणींत हे भक्तीचं रूपक होतं, तमाशाच्या गौळणीत ते विनोद आणि शृंगाराचं झालं, आणि उत्तरेकडच्या ठुमरी-होरीतही तेच पनघट आणि तीच मुरगळलेली मनगटं आहेत. १९६० च्या 'मुगल-ए-आझम'मधलं 'मोहे पनघट पे' दरबारात जन्माष्टमीला सादर होतं, तेव्हा ते या परंपरेचंच गाणं असतं. त्यातल्या मनगट मुरगळण्याचा तक्रारअर्ज करणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणं. १९५०-६० च्या दशकातला श्रोता पदर ओढणाऱ्या नायकामागे कृष्ण पाहत होता, हे लक्षात ठेवलं तर 'त्या लोकांना काही चुकीचं कसं वाटलं नाही' हा प्रश्न निम्मा सुटतो.

उरलेला निम्मा मात्र परंपरेनेही सुटत नाही. गौळणीत गवळण पुढे यशोदेकडे जाते आणि गाऱ्हाणं घालते. तिचं ऐकणारं, त्या पोराला रागे भरणारं कोणीतरी वडीलधारं त्या जगात आहे. चित्रपटातल्या नायिकेची तक्रार बहुतेक वेळा ज्याने पदर धरला त्याच्याकडेच असते, नाहीतर खिदळणाऱ्या मैत्रिणींकडे. चित्रपटाने गौळणीतून कृष्ण घेतला आणि यशोदा सोडून दिली. परंपरेचा दाखला देणाऱ्याला हे विचारणं रास्त आहे.

दुसरा साचा उर्दू गझलेचा. तिथे प्रियकर लाचार असतो आणि प्रेयसी जुलमी, निष्ठुर, कातील असते. शिवाय प्रियेचा उल्लेख रूढीने पुल्लिंगातही होतो. हिंदी चित्रपटगीत लिहिणारे बरेच कवी याच शिक्षणातून आले होते. 'तुझ्या डोळ्यांनी मला ठार केलं' या ओळीत स्त्रीवर आरोप आहे असं लगेच म्हणू नका, ती भाषेची वहिवाट आहे. आक्षेप घ्यायचा तर तो गझलेतून ही सत्ता उचलून चित्रपटात आणली तेव्हा काय झालं यावर घ्या. गझलेतली माशूक निष्ठुर असते म्हणजे ती येत नाही, उत्तर देत नाही, आणि कवी तसाच झुरत राहतो. चित्रपटातला नायक झुरत बसत नाही, तो सायकलवरून, होडीतून, गाडीतून मागे येतो. शब्द लाचारीचे आणि पाय पाठलागाचे. गाणं आवाज बंद करून एकदा पाहिलं की हे विसंगत चित्र लख्ख दिसतं: कोण पुढे चालतं, कोण मागे येतं, वाट कोण अडवतं, कॅमेरा कोणाच्या खांद्यावरून बघतो. मग डोळे मिटून फक्त ऐका. दोन्ही वेळा वेगळं मत झालं, तर दोष किंवा श्रेय कशाचं हे आपोआप वाटलं जातं: शब्द कवीचे, दृश्य दिग्दर्शकाचं.

दृश्यातल्या एका गोष्टीवर मात्र पुरावा म्हणून फार भार टाकू नये. 'ती तर हसते आहे, म्हणजे तिला आवडतंय' हा युक्तिवाद नेहमी येतो. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, चित्रित नंतर होतं, आणि अभिनेत्रीने कुठे हसायचं हे दिग्दर्शक ठरवतो. ते हसू कथेतल्या पात्राची संमती दाखवतं हे खरं, तेवढ्यापुरतं ते मान्य करा. पण अशा प्रसंगी स्त्री हसते, हे गृहीतक बरोबर आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. ते हसूच तर गृहीतक आहे.

म्हणून निष्कर्ष लिहिताना तीन प्रकारची विधानं वेगवेगळी ठेवा. 'या गाण्यात नकाराचं कारण लोक हे आहे' हे मजकुराबद्दलचं विधान आहे, ते ओळ दाखवून सिद्ध होतं. 'अशा गाण्यांत नकार होकारात बदलतो' हे प्रथेबद्दलचं विधान आहे, त्याला एक गाणं पुरत नाही. एकाच दशकातली पंधरा-वीस द्वंद्वगीतं रकान्यांत भरून पाहावी लागतात, आणि तीसुद्धा आपल्या मताला सोयीची निवडलेली नकोत. एखाद्या वर्षाच्या गाजलेल्या चित्रपटांतली सगळी द्वंद्वगीतं घेतली तर निवडीचा दोष बराच टळतो. 'ही गाणी ऐकून मुलं छेडछाड शिकली' हे परिणामाबद्दलचं विधान आहे, आणि त्याचा पुरावा गाण्यात कधीच सापडणार नाही. त्यासाठी ऐकणाऱ्या माणसांचा अभ्यास लागतो. घरातल्या वादात बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा पुरावा हातात धरून तिसऱ्या प्रकारचा निकाल दिला जातो, आणि समोरच्याला तो अन्याय वाटतो तो त्यामुळेच. उलट बाजूनेही हेच होतं: परिणाम सिद्ध होत नाही, म्हणून मजकुरात काही नाहीच, असं म्हटलं जातं.

अदलाबदलीची चाचणीही करून पाहण्यासारखी आहे. त्याच्या ओळी तिला द्या, तिच्या त्याला. पुरुषाने 'सोड माझा हात, लोक काय म्हणतील' असं म्हटलं तर ते विनोदी का वाटतं? ज्या ओळीला हसू येतं तिथे गृहीतक आहे. 'अभी ना जाओ'मध्ये हीच अदलाबदल करा. तिचं कडवं पुरुषाच्या तोंडी जवळजवळ जसंच्या तसं चालतं, आणि त्यावरून कळतं की ते कडवं तिला बाई म्हणून नाही, एक विचार करणारं माणूस म्हणून दिलेलं आहे. या चाचणीने कुठे बघायचं तेवढं कळतं, निकाल लागत नाही. रूढीची कोणतीही गोष्ट उलटी केली की चमत्कारिक वाटतेच, ती अन्यायाची असो वा नसो.

मराठी गाण्यांत मागणी प्रश्नाच्या रूपात येते का, हेही पाहा. १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा'मधलं सुधीर मोघ्यांचं 'गोमू संगतीनं' हे द्वंद्वगीत 'येशील काय', 'होशील काय' असं विचारतं. पदर, मनगट काही धरलेलं नाही, उत्तराची वाट पाहिलेली आहे. तिच्या डोळ्यांना तो कोळ्याचं जाळं म्हणतो आणि सापडलेली मासोळी स्वतःच्या काळजाला म्हणतो, म्हणजे शिकारीचं रूपक उलटं फिरवलेलं आहे. गाण्याच्या शेवटी मात्र इथेही होकारच येतो. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: नकार आणि होकार यांच्यामध्ये काय घडलं? तिचा काही नवा विचार आला, की फक्त त्याची विनवणी वाढली? प्रश्नार्थक रूपामुळे विचारणारा मवाळ होतो, पण साचा तोच राहू शकतो.

ही सगळी पद्धत नकारावर उभी आहे, त्यामुळे ज्या गाण्यात समोरचं माणूस बोलतच नाही तिथे ती अडते. १९६० च्या 'चौदहवीं का चाँद'चं शीर्षकगीत हे त्याचं ठळक उदाहरण. रफींचा आवाज, शकील बदायुनींचे शब्द, आणि पडद्यावर नायिका सुरुवातीला झोपलेली. नकार नाही, होकार नाही, उत्तरच नाही. अशा गाण्यात क्रियापदं मोजा. तिच्या नावावर एकच क्रियापद येतं, 'हो', म्हणजे 'आहेस'. बाकी सगळ्या क्रिया तिच्या केसांच्या, ओठांच्या, नाहीतर वाटेत नमन करणाऱ्या आकाशगंगेच्या आहेत. ती स्वतः काहीच करत नाही. शेजारी 'रेशमाच्या रेघांनी' ठेवा: काढला, भरली, गुंफले, जात होते, हे सगळं तिने केलेलं. टीकेचा मुद्दा इथे आहे, आणि तो चंद्र, ढग, कमळ या उपमांवर नाही. नखशिखांत वर्णन हा उर्दू काव्याचा मान्य प्रकार आहे आणि शकील तो उत्तम हाताळतात. शिवाय तो नवरा आहे, ती त्याच्याच घरात झोपली आहे. गाणं कोणाची वाट अडवत नाही, कोणाकडून काही वदवून घेत नाही. तेव्हा नोंद करायची ती अशी: दबाव नाही, पण तिला वावही नाही. 'छोड दो आँचल'मध्ये हे नेमकं उलटं आहे: तिथे तिला भरपूर वाव आहे, आणि तिच्या पहिल्या शब्दाला किंमत नाही.